लिहून आलेल्यावर भरवसा किती?

आपल्या केंद्रासाठी गावोगावच्या बैठका रेकॉर्ड करणाऱ्या गटांपैकी बऱ्याच जणी आता ते बोलणं संगणकाकडून लिहून घेतात. रेकॉर्डिंग संगणकाला दिलं की काही तासांनी वाचायला कागद तयार होतो. मग त्या कागदावर खुणा करायच्या, कुठला तुकडा कार्यक्रमात घ्यायचा ते ठरवायचं, आणि तेवढाच आवाज कापून घ्यायचा. आज मी या कामातल्या एकाच पायरीबद्दल बोलणार आहे. कागद हातात आल्यावर, पण खुणा करायला बसण्याआधी, काय करायचं?

कुणी म्हणेल, रेकॉर्डिंगच सगळं ऐकावं, कागद हवाच कशाला? एकच बैठक असेल तर माझंही म्हणणं तेच आहे. पण अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमासाठी पाच गावांच्या बैठका असतात, चार-चार तासांचं बोलणं असतं, आणि कामाला बसणाऱ्या दोघी घरचं आवरून आलेल्या असतात. म्हणून कागद लागतो. भरभर वाचता येतो, मागं-पुढं जाता येतं, पाच बैठका एकमेकींशेजारी ठेवता येतात.

अडचण अशी की तो कागद फार नीटनेटका दिसतो. गटाच्या सभेचं इतिवृत्त लिहिणारी सचिव आठवा. एखादीचं बोलणं तिला नीट ऐकू आलं नाही, तर ती तो शब्द पेन्सिलीनं लिहिते किंवा शेजारी प्रश्नचिन्ह काढते, आणि नंतर विचारून घेते. संगणक तसं करत नाही. जे स्पष्ट ऐकलं तेही आणि जे अंदाजानं लिहिलं तेही तो एकाच शाईनं लिहितो. वाक्य पूर्ण असतं, व्याकरण बहुतेक ठीक असतं, आणि वाचणारीला वाटतं की ताई असंच बोलल्या असणार.

पण प्रत्येक शब्द लिहिताना आपल्याला किती खात्री होती, याची नोंद संगणक ठेवतो. ती कागदावर छापली जात नाही, मागून घ्यावी लागते. इंग्रजीत तिला कॉन्फिडन्स स्कोअर म्हणतात. आपण तिला खात्रीचा आकडा म्हणू. तो शून्य ते एक यांच्यामध्ये असतो. शून्याजवळ असला तर शब्द अंदाजानं टाकलेला, एकाजवळ असला तर संगणक आपल्यापुरता निश्चिंत.

हा आकडा येतो कुठून, ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की त्याच्यावर कुठं विसंबायचं तेही कळतं. आम्ही व्हिस्पर नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ओपनएआय या कंपनीनं ते २०२२ साली सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. ते आपल्याच संगणकावर चालतं, म्हणून बायकांच्या घरच्या गोष्टींचं रेकॉर्डिंग बाहेर कुठं पाठवावं लागत नाही. हे सॉफ्टवेअर तीस-तीस सेकंदांचा आवाज घेतं आणि शब्दांचे बारीक बारीक तुकडे एकापुढे एक लिहीत जातं. प्रत्येक तुकडा लिहिताना त्याच्यासमोर बरेच पर्याय असतात. ऐकू आलेला आवाज आणि आधी लिहिलेलं वाक्य, या दोन्हींवरून ते प्रत्येक पर्यायाला वजन देतं आणि बहुतेक वेळा जड असेल तो उचलतं. उचललेल्याचं वजन म्हणजे हा आकडा. एखाद्या शब्दाचा आकडा ०.३८ आला, तर उरलेलं ०.६२ वजन दुसऱ्याच शब्दांकडे होतं, असं समजा. कागदावर ते दुसरे शब्द दिसत नाहीत.

आकडे मागून घेण्यासाठी सॉफ्टवेअर चालवताना एक ओळ टाइप करावी लागते. ती मी वाचून दाखवत नाही, मासिकात छापून येईल तेव्हा बघून घ्या. बैठकीच्या फाइलीचं नाव baithak.wav असेल तर ती अशी:

```
whisper baithak.wav --language Marathi --model large-v3 --word_timestamps True --output_format json
```

साध्या संगणकाला याला फार वेळ लागतो. आम्ही संध्याकाळी लावतो आणि सकाळी बघतो. जी फाइल तयार होते तिच्यात प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या सेकंदाला सुरू झाला, कुठल्या सेकंदाला संपला आणि probability या नावाखाली खात्रीचा आकडा असतो. ही फाइल तशीच वाचायला किचकट आहे. केंद्रावर संगणकाचं काम जाणणारं कुणी असेल त्यांच्याकडून तिचा एक तक्ता करून घ्या: एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात आकडा. मग तक्त्याला रंग लावायचा. आम्ही ०.५ च्या खालचे शब्द लाल करतो, ०.५ पासून ०.८ च्या आतले पिवळे, आणि ०.८ व त्यावरचे तसेच ठेवतो. मोबाइलच्या कीबोर्डवर बोलून लिहिण्याची जी सोय आहे, ती हे आकडे दाखवत नाही. तिथं लिहून आलेलं सगळंच पेन्सिलीतलं समजावं.

आता ०.५ आणि ०.८ हेच का, तर त्यामागं काही शास्त्र नाही. तुमच्या रेकॉर्डिंगसाठी हद्द कुठं आखायची, ते तुम्हालाच तपासून ठरवावं लागेल. ०.९ आकडा म्हणजे शंभरात नव्वद वेळा बरोबर, असा त्याचा अर्थ नाही. ते संगणकाचं स्वतःबद्दलचं मत आहे, आणि मत चुकीचं असू शकतं. तपासायची रीत सोपी आहे. तुमच्या दोन-तीन बैठकांमधून मिळून दहा मिनिटांचा आवाज घ्या. एकीनं हेडफोन लावून ऐकायचं, दुसरीनं तक्त्यावर चुकलेल्या शब्दापुढे फुली मारायची. नंतर प्रत्येक रंगातल्या फुल्या मोजा. समजा बिनरंगाच्या शंभर शब्दांत चार फुल्या निघाल्या, पिवळ्या शंभरात पंचवीस आणि लाल शंभरात साठ, तर तुमच्या हद्दी ठीक आहेत. पण बिनरंगाच्या शंभरातच वीस निघाल्या, तर त्या गावच्या बोलीला किंवा त्या रेकॉर्डरला हा कागद चालत नाही. तिथं सगळं ऐकूनच काम करावं लागेल. दहा मिनिटांच्या या तपासणीला आम्हाला दुपार लागते. बोलीचं वळण बदललं की ती पुन्हा करतो.

आता एक बैठक घेऊन सगळं दाखवते. एकेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. पत्र्याच्या शेडमध्ये बारा बायका बसल्यात. विषय आहे पावसाळ्यातलं कर्ज: पेरणीला पैसे गेलेत, हातात रोख नाही, अशा दिवसांत कुणी कुणाकडून पैसे घेतले आणि कसे फेडले. कार्यक्रमासाठी यातून चार तुकडे हवेत, प्रत्येकी पाऊण ते एक मिनिटाचे.

आठव्या मिनिटाला एका ताईंचं वाक्य कागदावर असं आलंय: 'सावकाराचे पैसे आम्ही फेडले नाहीत.' आवाज ठणठणीत, सूर ठाम. कागद वाचणाऱ्या कुणाच्याही मनात येईल की हा तुकडा घ्यावा, बाई हिमतीनं बोलतेय. पूर्ण वाक्याचा आकडा पाहिला तर तोही बरा आहे. आता शब्द सुटे करून पाहू. सावकाराचे ०.९३, पैसे ०.९७, आम्ही ०.९५, फेडले ०.३८, नाहीत ०.९१. पाचांची सरासरी ०.८३ येते, म्हणजे आमच्या हिशेबानं बिनरंगाची. पण त्या पाचांतला एक शब्द लालभडक आहे, आणि वाक्याचा सगळा अर्थ त्याच्यावर उभा आहे. हेडफोन लावून ऐकलं तर ताई म्हणतायत, 'सावकाराचे पैसे आम्ही ठेवले नाहीत.' म्हणजे बाकी काही ठेवली नाही, पै न् पै चुकती केली. कागद नेमकं उलटं सांगत होता. समजा कागदावरून निवेदन लिहिलं असतं, की या गावच्या बायकांनी सावकाराचं कर्ज बुडवलं. ज्या गावात सावकाराचं घर आणि ताईंचं घर एकाच आळीत आहे, तिथं ते रेडिओवर ऐकलं गेलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट: वाक्याच्या किंवा परिच्छेदाच्या सरासरीवर जाऊ नका, शब्दाचा आकडा बघा. बऱ्याच सॉफ्टवेअरांत ओळीचा एकच आकडा आधी दिसतो, आणि तो बघून समाधान होतं. बारा जणींच्या गटात एकीचा हप्ता थकला तरी गटाची एकूण वसुली चांगली दिसते, तसंच हे.

सरासरीचा हा घोळ शब्दाच्या आतही होतो, आणि मराठीत तो जास्त नडतो. मघाशी म्हटलं तसं सॉफ्टवेअर शब्दाचे बारीक तुकडे लिहितं, आणि शब्दाचा आकडा म्हणजे त्या तुकड्यांची सरासरी. 'पैसे घेऊन गेला' आणि 'पैसे घेऊन गेली' यांत फरक फक्त शेवटच्या मात्रेचा आहे. समजा 'गेला'चे चार तुकडे झाले. पहिले तीन ०.९५, ०.९३, ०.९२ आणि शेवटची मात्रा ०.४०. सरासरी ०.८० येते. आमच्या हिशेबात तो शब्द पिवळाही होत नाही, आणि पैसे बाप्यानं नेले की बाईनं, हे मात्र अंदाजावर राहतं. त्यात कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तिथं यंत्राचा गोंधळ होतो आणि कागद वाचणाऱ्या परगावच्या बाईचाही होतो, की हे बोलतंय कोण.

यावर आम्ही एक साधा नियम केलाय. काही शब्दांना आकडा कितीही चांगला असला तरी ऐकल्याशिवाय पास करायचं नाही: नाही, नव्हतं, नको, रक्कम आणि तारीख, माणसांची आणि गावांची नावं, आणि ज्या क्रियापदाच्या शेवटावरून कोणी काय केलं ते ठरतं, असं क्रियापद. तुकडा निवडीत आला की या शब्दांखाली रेघ मारायची आणि तेवढं ऐकायचं.

आता लाल पट्ट्यांकडे येऊ. एखादा सुटा लाल शब्द सगळीकडेच असतो, त्यामागं धावत बसलात तर दिवस पुरणार नाही. आम्ही बघतो ती लाल शब्दांची दाटी. कुठल्याही दहा सेकंदांत तीन किंवा जास्त लाल शब्द असतील, तर तो भाग शंकेचा. त्याच्या मागं-पुढं तीन-तीन सेकंद आणखी धरायची, कारण शब्द कुठं सुरू झाला याची वेळही अशा ठिकाणी मागं-पुढं झालेली असते. जवळजवळचे भाग जोडून एक पट्टा करायचा. या बैठकीत असे सहा पट्टे निघाले, सगळे मिळून नऊ मिनिटांचे. एकेचाळीस मिनिटं ऐकण्याऐवजी नऊ मिनिटं ऐकायची, हा यातला फायदा.

पण हे तुकडे निवडण्याच्या आधी का करायचं? निवडून झाल्यावर तेवढेच तपासले तर काम आणखी कमी नाही का होणार? हा प्रश्न दोन गटांनी मला विचारला होता, म्हणून त्याला जरा वेळ देते. निवडल्यावर तपासलं तर घेतलेला तुकडा बरोबर आहे का, एवढंच कळेल. जो कागदावर निरर्थक दिसला म्हणून आपण वाचतानाच ओलांडून गेलो, तो कधीच तपासला जाणार नाही. आणि माझ्या मते मोठं नुकसान तिथं होतं.

याच बैठकीत तेविसाव्या मिनिटाला पाऊस सुरू झाला. पत्र्यावर पाऊस म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पुढची अडीच मिनिटं कागद लालच लाल आहे. एका ठिकाणी आलंय, 'मी दौरा लग्नात टाकला होता.' पुढं 'आणि मग आणि मग आणि मग' अशी ओळभर. वाचणारीला वाटावं की इथं काही नाही, बायकांचा गलका असेल. पण तो पट्टा शंकेचा म्हणून खूण केलेला होता, म्हणून ऐकायच्या यादीत आला. हेडफोनमध्ये पावसाचा आवाज आहेच, पण रेकॉर्डर आजींच्या जवळ असल्यानं त्यांचे शब्द कानाला लागतात. त्या म्हणतायत, 'म्या डोरलं गहाण टाकलं व्हतं.' मालक आजारी पडले तेव्हा डोरलं गहाण टाकलं, दोन पावसाळे ते सावकाराकडे राहिलं, आणि गटानं कर्ज दिल्यावर सोडवून आणलं. ते हातात आल्यावर घरी न जाता त्या आधी गटाच्या बैठकीत आल्या आणि सगळ्यांसमोर गळ्यात घातलं. पूर्ण एकेचाळीस मिनिटांत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. आणि कागदावर ते 'दौरा लग्नात' असं पडून होतं.

आजींच्या बोलण्याचा आकडा खाली का गेला, याची दोन कारणं आहेत. एक पाऊस. दुसरं त्यांची बोली आणि पडलेले दात. पाऊस नसलेल्या जागीही त्यांचे शब्द पिवळ्या-लालच्या सीमेवर आहेत. 'व्हतं', 'म्या', 'न्हाई' हे ऐकल्यावर सॉफ्टवेअर अडखळतं, किंवा त्याच्या जागी पुस्तकी शब्द लिहून मोकळं होतं. उलट शाळेत शिकवणाऱ्या आणि गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंचं सगळं बोलणं स्वच्छ, बिनरंगाचं आलंय. आता जर कुणी असा नियम केला, की आकडा चांगला तेवढेच भाग वाचायचे आणि लाल भाग सोडून द्यायचे, तर कार्यक्रमात कुणाचे आवाज लागतील बघा. शिकलेल्यांचे, रेकॉर्डरजवळ बसलेल्यांचे. कडेला बसणारी, हळू बोलणारी, म्हातारी, दुसऱ्या जिल्ह्यातून लग्न होऊन आलेली, या सगळ्या गळतील, आणि आपण त्यांना गाळलं हे आपल्याला कळणारही नाही. लाल रंगाचा अर्थ 'इथं यंत्राला कळलं नाही, तुम्ही ऐका' एवढाच आहे. बोलणं खराब आहे, असा तो नाही.

म्हणून आम्ही यादी करताना लाल पट्ट्यापुढे कोण बोलतंय तेही लिहितो. सहापैकी चार पट्टे एकाच आजींचे निघाले, तर ते बैठकीबद्दल नसून यंत्राबद्दल काहीतरी सांगतंय. अशा वेळी त्या आजींचं सगळंच बोलणं, बिनरंगाचंही, ऐकून काढायचं. त्यांच्या गावची एखादी बाई शेजारी बसवली तर काम फार लवकर होतं. 'डोरलं' हा शब्द आमच्यापैकी कुणी ओळखायच्या आधी त्यांच्या शेजारणीनं ओळखला.

आता जिथं आकडा गप्प बसतो त्या जागा सांगते. न लिहिलेल्या शब्दाला आकडा नसतो. दोघी एकदम बोलल्या, तर सॉफ्टवेअर बहुधा एकीचं लिहितं आणि दुसरीचं सोडून देतं. जिचं लिहिलं तिचे शब्द छान बिनरंगाचे येतात, आणि गळालेलीचा कागदावर मागमूस नसतो. हे ओळखायचं असेल तर वेळेचा रकाना बघा. साध्या बोलण्यात सेकंदाला ढोबळमानानं दोन शब्द होतात. नऊ सेकंदांत चारच शब्द दिसले, तर मधल्या वेळात शांतता होती की कुणाचं बोलणं गळालं, ते ऐकूनच कळेल. बत्तिसाव्या मिनिटाला आम्हाला असंच सापडलं: एक ताई म्हणतात 'व्याज कमीच लावलं', ते कागदावर आहे. त्याच वेळी दुसरी म्हणते 'कुठलं कमी, शेकडा पाच महिन्याला', ते कागदावर नाही.

याच्या उलटही होतं. कुणीच बोलत नसताना यंत्र काहीतरी लिहितं, एखादं 'धन्यवाद', किंवा एकच वाक्य पाच वेळा. पुन्हा पुन्हा आलेल्या वाक्याचा आकडा कधीकधी चांगला असतो, कारण आधी तेच लिहिलेलं असलं की पुढचंही तेच असणार अशी त्याची समजूत होते. हे मात्र डोळ्यांनाच दिसतं, त्यासाठी आकडा लागत नाही.

आणि सूर. एका ताईंचं वाक्य आहे, 'काही त्रास दिला नाही हो त्यांनी.' सगळे शब्द ०.९ च्या वर, आणि सगळे बरोबर. ऐकलं तर ताई टोमणा मारतायत आणि मागं बायका हसतायत. त्रास भरपूर दिला होता. शब्द बरोबर लिहिला की यंत्राचं काम संपलं. म्हणून निवडलेला प्रत्येक तुकडा, रंग असो नसो, मागची दहा आणि पुढची दहा सेकंदं धरून पूर्ण ऐकल्याशिवाय कापायचा नाही. आकड्यानं हे ऐकणं सुटत नाही. चार तासांच्या बोलण्यात आधी कुठं कान लावायचा, तेवढंच तो दाखवतो.

या बैठकीचे चार तुकडे शेवटी असे ठरले. 'ठेवले नाहीत' वाला आठव्या मिनिटाचा. बत्तिसाव्या मिनिटाचा, दोघी एकदम बोलतात तो, तसाच ठेवला आणि निवेदनात दुसरीचं वाक्य स्पष्ट सांगितलं. टोमण्याचा, मागच्या हसण्यासकट. आणि आजींचा. पावसाचा आवाज फार असल्यानं त्यांचा तुकडा पाऊण मिनिटच घेता आला, बाकीचं निवेदिकेनं आजींच्या शब्दांत वाचलं. कापलेला तुकडा आणि वाचायचा मजकूर दोन्ही आधी आजींना घरी जाऊन ऐकवलं. 'दोन पावसाळे' त्यांना पटलं नाही. 'दोन न्हाई, तीन,' म्हणाल्या, 'तवा मी दोन म्हनाले आसंन, पन तीन झालं व्हतं.' रेकॉर्डिंगमध्ये 'दोन'च आहे, आणि त्याचा आकडा ०.८९ आहे. निवेदनात आम्ही तीन केलं.